(n!)^(1/n) / n ची लिमिट: उत्तर 1/e आलं, तरी पायरीवर लाल रेघ का?

प्रश्न एका ओळीचा आहे. n अनंताकडे जाताना (n!)^(1/n) / n ची लिमिट काढा, लॉग आणि रीमान बेरीज वापरून. उत्तर 1/e, म्हणजे 0.3679 च्या आसपास. इतक्या छोट्या गणितावर मी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका तपासत आलोय, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतो. कुणाचं उत्तर 0 किंवा 1 येतं, कुणाचं अनंत. कुणी ∞ − ∞ पाशी येऊन पेन खाली ठेवतं. आणि एक मोठा गट असतो, ज्याचं उत्तर चोख 1/e असतं आणि तरीही मधल्या एका बरोबरच्या चिन्हाखाली लाल रेघ असते. तक्रार घेऊन येतात ते नेमके हेच लोक. त्यांच्याच दुखण्याकडे मला नीट बघायचंय, पण आधीची तीन हातासरशी उरकून घेऊ, कारण त्यांच्या इलाजातूनच पुढची वाट निघते.

उत्तर 0 किंवा 1 आलं असेल तर

वहीत बहुधा असं लिहिलेलं असतं: "1/n शून्याकडे जातो, कुठल्याही संख्येचा शून्य घात 1, म्हणून (n!)^(1/n) ची लिमिट 1." मग वरचा 1 आणि खालचा n, म्हणून एकूण 0. कुणी आधी सगळं मुळाच्या आत घेतं आणि मग तेच वाक्य लावतं, त्याचं उत्तर 1 येतं.

हे वाक्य आतली संख्या जागेवर थांबलेली असेल तरच चालतं. इथे घात शून्याकडे सरकतोय तशी आतली संख्याही पळतेय, आणि दोघांच्या रस्सीखेचीत कोण जिंकतं हाच तर प्रश्न आहे. खात्री करायला दोन आकडे पुरतात: 10! चं दहावं मूळ 4.53 आहे आणि 100! चं शंभरावं मूळ 37.99. हे 1 कडे चाललेलं नाही, n च्या मागोमाग वाढत चाललंय.

उत्तर अनंत आलं असेल तर

मग n मुळाच्या आत नेताना तो n म्हणूनच आत गेलाय. म्हणजे (n!)^(1/n) / n च्या जागी (n!/n)^(1/n) लिहिलं गेलंय. बाहेरचा n आत जाताना n^n होऊन जातो, कारण n हेच (n^n) चं n-वं मूळ आहे. n = 10 घेऊन बघा: खरी किंमत 0.4529, आणि चुकीच्या रूपाची किंमत 362880 चं दहावं मूळ, म्हणजे जवळजवळ 3.6. रूप बदललं की दोन्हीकडे एकच छोटा n टाकून पाहायची सवय असेल, तर ही चूक दुसऱ्या ओळीतच पकडली जाते.

∞ − ∞ पाशी गाडी अडली असेल तर

(n!)^(1/n) / n ला L_n म्हणू. लॉग घेतल्यावर हे मिळतं:

ln L_n = (1/n)·ln(n!) − ln n

इथे दोन्ही पदं अनंताकडे जातात आणि माणूस थबकतो. चूक काहीच नाही, फक्त उजवीकडचा ln n एकटा सोडून चालत नाही. ln(n!) ही n पदांची बेरीज आहे: ln 1 + ln 2 + … + ln n. मग ln n चेही n सारखे तुकडे मांडायचे, म्हणजे ln n = (1/n)·(ln n + ln n + … n वेळा). आता प्रत्येक ln k च्या वाट्याला आपापला एक ln n येतो:

ln L_n = (1/n)·Σ ln(k/n), k = 1 ते n

सगळ्या गणितातली युक्ती म्हणावी अशी ही एकच पायरी. दोन अनंत एकमेकांपासून वेगळे दिसत होते, ते पदागणिक एकमेकांत जिरले. उरलेली बेरीज बघितली की k/n हे 0 ते 1 मधले समान अंतरावरचे बिंदू दिसतात, 1/n ही पट्टीची रुंदी दिसते, आणि ln x चं इंटिग्रल समोर उभं राहतं. ह्या बेरजेला पुढे S_n म्हणू.

आता लाल रेघ

पुढची ओळ सगळे सारखीच लिहितात:

lim S_n = ∫₀¹ ln x dx = [x ln x − x]₀¹ = −1, म्हणून L = 1/e

उत्तर बरोबर. रेघ पहिल्या बरोबरच्या चिन्हाखाली असते, आणि तपासणारा थोडा कडक असेल तर कंसात 0 टाकला त्या जागीही.

दुसरी गोष्ट आधी संपवतो. x च्या जागी थेट 0 टाकला की 0·ln 0 मिळतं, आणि "शून्याने गुणलं म्हणून शून्य" हे कारण चालत नाही, कारण ln 0 नावाची संख्याच नाही. तिथे a पासून 1 पर्यंत इंटिग्रल घेऊन a शून्याकडे न्यावा लागतो, आणि a·ln a शून्याकडे जातं हे सांगावं लागतं. एका ओळीचं काम.

पहिली गोष्ट मात्र खोल आहे. "रीमान बेरजेची लिमिट म्हणजे इंटिग्रल" हा नियम आपण ज्या रूपात शिकतो, त्यात फंक्शन [0, 1] वर सलग असतं, किंवा निदान बांधलेलं असतं, म्हणजे त्याच्या किमती कुठल्यातरी दोन मर्यादांच्या आत राहतात. ln x असा नाही. x शून्याजवळ गेला की तो खाली कोसळतो आणि त्याला तळ नाही. न बांधलेल्या फंक्शनचं [0, 1] वर नेहमीच्या अर्थानं रीमान इंटिग्रल अस्तित्वातच नसतं. आपण ज्याला ∫₀¹ ln x dx म्हणतो, ती आधी [a, 1] वर इंटिग्रल घेऊन मग a → 0 केलेली दुसरी लिमिट आहे. म्हणजे त्या बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे एक लिमिट आहे, उजवीकडे वेगळ्याच रीतीनं घेतलेली दुसरी, आणि दोन्ही समान आहेत हे कुणी सांगितलेलंच नाही.

"पण उत्तर तर तेच येतं," हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. येतं खरं. त्यात किती नशीब आहे ते पाहायला n = 1000 घ्या आणि फक्त पहिल्या पट्टीकडे बघा. पट्टी 0 ते 0.001. रीमान बेरजेत पट्टीतला कुठलाही बिंदू निवडायची मुभा असते. आपण उजवं टोक घेतलं, x = 0.001, तर ह्या पट्टीचा वाटा 0.001 × ln 0.001, म्हणजे साधारण −0.0069. अगदी किरकोळ. आता त्याच पट्टीत x = e^(−5000) हा बिंदू निवडा. तोही 0 आणि 0.001 च्या मधेच आहे, नियमात बसतो. त्याचा वाटा होतो 0.001 × (−5000) = −5. बाकीच्या 999 पट्ट्यांना हातही न लावता बेरीज −1 च्या जवळून −6 च्या जवळ गेली. पट्टी कितीही अरुंद करा, हाच खेळ पुन्हा खेळता येतो. म्हणून "रीमान बेरीज आहे, म्हणून इंटिग्रल" एवढं म्हणणं पुरत नाही. आपली विशिष्ट बेरीज, उजव्या टोकांची, का चालते ते सांगावं लागतं.

काही जण ह्याच जागी डावी टोकं घेतात आणि k = 0 ला ln 0 समोर आलं की ते पद गुपचूप गाळतात. गंमत अशी, की ते पद गाळल्यावर उरते ती बेरीज आपल्या उजव्या टोकांच्या बेरजेइतकीच असते, कारण उजवीकडचं शेवटचं पद ln 1 = 0 आहे. म्हणजे चुकीच्या वाटेनं जाऊन माणूस त्याच दारात येऊन उभा राहतो आणि त्याला वाटतं वाट बरोबर होती.

इलाज: ln x चढता आहे, एवढंच वापरा

मोठं प्रमेय शोधायला जाऊ नका. ln x हे फंक्शन डावीकडून उजवीकडे चढत जातं, आणि ह्या गणिताला तेवढं एक सत्य पुरतं.

पट्टी (k−1)/n ते k/n घ्या. चढत्या फंक्शनची सर्वांत मोठी किंमत उजव्या टोकाला असते. म्हणून उजव्या टोकाच्या उंचीचा आयत त्या पट्टीतल्या इंटिग्रलपेक्षा लहान असूच शकत नाही:

(1/n)·ln(k/n) ≥ ∫ ln x dx, (k−1)/n पासून k/n पर्यंत

k = 1 ते n अशा सगळ्या पट्ट्या मिळवल्या की S_n ≥ ∫₀¹ ln x dx = −1. पहिल्या पट्टीत उजवीकडचं इंटिग्रल a → 0 करून घेतलेलं आहे, आणि असमानता प्रत्येक a साठी टिकते म्हणून लिमिटमध्येही टिकते.

आता वरची मर्यादा. त्याच आयताची तुलना आपल्या पट्टीशी न करता शेजारच्या उजवीकडच्या पट्टीशी करायची. k/n हे पुढच्या पट्टीचं डावं टोक आहे, आणि डाव्या टोकाला चढतं फंक्शन सर्वांत लहान असतं:

(1/n)·ln(k/n) ≤ ∫ ln x dx, k/n पासून (k+1)/n पर्यंत

हे k = 1 ते n−1 साठी. k = n चं पद शून्यच आहे, त्याची काळजी नाही. सगळं मिळवलं की

S_n ≤ ∫ ln x dx, 1/n पासून 1 पर्यंत = −1 + (1 + ln n)/n

इथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वरच्या मर्यादेतलं इंटिग्रल 1/n पासून सुरू होतं. शून्याजवळची अडचणीची जागा त्यात आलीच नाही. दोन्ही एकत्र लिहू:

−1 ≤ S_n ≤ −1 + (1 + ln n)/n

n वाढला की (1 + ln n)/n शून्याकडे जातो, म्हणून S_n मधे चेपला जाऊन −1 कडे जातो, आणि e^x सलग असल्यानं L_n = e^(S_n) हा e^(−1) कडे जातो. रेघ पुसली गेली. उत्तरपत्रिकेत हे चार-पाच ओळींत बसतं. आधी लिहिलेलं काहीच खोडायचं नाही, फक्त त्या बरोबरच्या चिन्हाच्या जागी ह्या ओळी घालायच्या.

असमानतांची दिशा उलटी पडणं ही इथली नेहमीची घसरण. ln x ची सगळी किंमत इथे ऋण आहे, आलेख अक्षाच्या खाली लटकतो, त्यामुळे डोळा फसतो. चित्रात अक्षाखालचा आयत "मोठा" दिसला की त्याची किंमत लहान असते. म्हणून मी चित्रावर विसंबत नाही, n = 4 हातानं काढतो. एकदा तुम्हीही काढा.

पट्टीची रुंदी 0.25. उंच्या: ln 0.25 = −1.3863, ln 0.5 = −0.6931, ln 0.75 = −0.2877, ln 1 = 0. बेरीज −2.3671, चारनं भागली की S_4 = −0.5918. मर्यादा सांगतात की हा आकडा −1 आणि −1 + (1 + 1.3863)/4 = −0.4034 ह्यांच्या मधे असायला हवा. आहे. आता एकच आयत जवळून बघू, k = 1 चा. त्याची किंमत 0.25 × (−1.3863) = −0.3466. त्याच्या स्वतःच्या पट्टीतलं, 0 ते 0.25 मधलं इंटिग्रल −0.5966 आहे. −0.3466 त्याहून मोठा, म्हणजे पहिली असमानता पटली. शेजारच्या पट्टीतलं, 0.25 ते 0.5 मधलं इंटिग्रल बरोब्बर −0.25 येतं. −0.3466 त्याहून लहान, दुसरीही पटली. एकच आयत डावीकडच्या इंटिग्रलपेक्षा वर आणि उजवीकडच्यापेक्षा खाली, एवढ्यावर सगळी सिद्धता उभी आहे. आणि 24 चं चौथं मूळ 2.2134, चारनं भागलं की 0.5533, तिकडे e^(−0.5918) सुद्धा 0.5533. लॉगची पायरीही ह्यात तपासून झाली.

घाईत असाल तर n = 1 टाका. S_1 = 0, खालची मर्यादा −1, वरची −1 + 1 = 0. दिशा उलटी लिहिली असेल तर "0 ≤ −1" असं काहीतरी समोर येतं आणि चूक स्वतःच ओरडते.

"इंटिग्रलची किंमत निघते ना, मग पुरे की" असं वाटत असेल तर

हा प्रश्न मला हुशार मुलांकडून येतो आणि तो रास्त आहे. त्यांचं म्हणणं असं: पहिल्या पट्टीत e^(−5000) निवडणं हा खोडसाळपणा झाला. आपण प्रामाणिकपणे उजवीच टोकं घेतोय. a → 0 केलेलं इंटिग्रल अस्तित्वात आहे. मग उजव्या टोकांची बेरीज तिकडेच जाणार, नाही का?

नाही. एक फंक्शन घ्या. x हा 1, 1/2, 1/3, 1/4 … ह्यांपैकी एखादा असेल, म्हणजे x = 1/m, तर f(x) = m. बाकी सगळीकडे f(x) = 0. कुठलाही a > 0 घेतला तरी a ते 1 मधे असे टोचे मोजकेच पडतात, आणि मोजक्या बिंदूंनी इंटिग्रल बदलत नाही. म्हणून a पासून 1 पर्यंतचं इंटिग्रल 0, आणि a → 0 केलं तरी 0.

आता उजव्या टोकांची बेरीज काढा, n = 6 घेऊन. बिंदू 1/6, 2/6, 3/6, 4/6, 5/6, 6/6. ह्यांत 1/6, 1/3, 1/2 आणि 1 हे टोचे आहेत, उंच्या 6, 3, 2, 1. बेरीज 12, सहानं भागली की 2. n = 7 ला फक्त 1/7 आणि 1 सापडतात, (7 + 1)/7 = 1.14. n = 12 ला 28/12 = 2.33. जरा निरखलं तर कळतं की k/n हा 1/m होतो तो m हा n चा विभाजक असेल तेव्हाच, म्हणून ही बेरीज म्हणजे n च्या सगळ्या विभाजकांची बेरीज भागिले n. मूळ संख्यांवरून गेलं तर ती 1 कडे जाते. भरपूर विभाजक असलेले n निवडले, उदाहरणार्थ n = m!, तर ती हवी तेवढी मोठी होते. इंटिग्रल 0, आणि बेरजेला लिमिटच नाही. इंटिग्रलच्या प्रश्नात विभाजक कुठून उपटले असं वाटावं, पण तेच तर दिसतं: समान अंतराचे बिंदू आणि शून्याजवळ गर्दी करणारे टोचे संगनमत करू शकतात.

ln x मधे असं संगनमत होत नाही, कारण तो चढता आहे. टोच्यांना जागाच नाही. म्हणून सिद्धतेत "ln x चढता आहे" हे तीन शब्द शोभेचे नाहीत. ते काढले तर सिद्धता पडते. मी तपासताना हेच तीन शब्द शोधतो, आणि सापडले तर बाकीच्या बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा करतो.

कॅल्क्युलेटरवर पडताळा जुळत नसेल तर

दोन वेगळ्या अडचणी इथे एकमेकींत मिसळतात. पहिली, आकडा बसतच नाही. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर 69! निघतं आणि 70! ला एरर येते, कारण 70! हा 10^100 च्या पलीकडे जातो. कॉम्प्युटरवर नेहमीच्या दशांश संख्यांची धाव 170! पर्यंत आहे. पायथॉनमध्ये फॅक्टोरियल पूर्णांक म्हणून कितीही मोठं निघतं, पण त्याचा 1/n घात घेताना ते दशांश संख्येत बदलावं लागतं आणि तिथे `OverflowError: int too large to convert to float` असा संदेश येतो. मग मुलं म्हणतात, लिमिट अनंत आहे. लिमिट ठीक आहे, हिशेबाची वाट बदला. कागदावर जे केलं तेच मशीनला करू द्या, म्हणजे फॅक्टोरियल न काढता त्याचा लॉग घ्या:

```python
from math import lgamma, log, exp

for n in (10, 100, 1000):
    print(n, exp(lgamma(n + 1) / n - log(n)))
```

`lgamma(n + 1)` म्हणजे ln(n!). ह्यातून 0.4529, 0.3799 आणि 0.3695 मिळतात.

दुसरी अडचण इथूनच सुरू होते. n = 100 ला 0.3799 आणि अपेक्षित 0.3679, तीन टक्क्यांहून जास्त फरक. "शंभर पदं घेतली तरी जुळत नाही, म्हणजे उत्तर चुकलं" असं वाटणं साहजिक आहे. ही लिमिट सावकाश येते. आपल्याच वरच्या मर्यादेनं तसा इशारा दिला होता, (1 + ln n)/n हा काही झपाट्यानं मरणारा आकडा नाही. खरा फरक त्याच्या साधारण निम्मा असतो: S_n हा −1 पेक्षा जवळपास ln(2πn)/(2n) एवढा वर राहतो. n = 1000 ला हे 0.00437 येतं आणि प्रत्यक्ष S_n आहे −0.99563. तंतोतंत जुळलं. तो 2π स्टर्लिंगच्या सूत्रातून येतो, n! ≈ √(2πn)·(n/e)^n, जे 1730 पासून छापील रूपात आहे. ह्या सूत्रानं मूळ प्रश्नही एका ओळीत सुटतो, पण प्रश्नात रीमान बेरीज सांगितली असेल तर ते उत्तराच्या पडताळ्यापुरतंच ठेवा.

ही उशिराई नेमकी कुठे साचते हेही बघता येतं. n = 1000 ला पहिले दहा आयत मिळून −0.0540 देतात, तर 0 ते 0.01 मधलं इंटिग्रल −0.0561 आहे. एकूण फरक 0.00437, त्यातला 0.0021 एकट्या ह्या कोपऱ्यातला. हजारांतल्या फक्त दहा पट्ट्या जवळजवळ निम्मी चूक पोटात घेऊन बसतात. शून्याजवळची जागा अडचणीची आहे हे सिद्धतेत म्हटलं होतं, इथे ते आकड्यांत दिसतं.

पडताळ्याची आणखी एक वाट म्हणजे a_n = n!/n^n घेऊन लगतच्या पदांचं गुणोत्तर काढणं. a_(n+1)/a_n = (n/(n+1))^n, आणि ते 1/e कडे जातं. धन पदांच्या मालिकेत गुणोत्तराला लिमिट असेल तर n-व्या मुळालाही तीच लिमिट असते. इंटिग्रलचा संबंधच नाही, त्यामुळे दोन्हीकडे सारखीच चूक होण्याची भीती नाही.

हीच रेघ दुसऱ्या गणितात का नव्हती

शेवटची तक्रार बहुधा अशी: "मागच्या आठवड्यात ((2n)!/(n!·n^n))^(1/n) सोडवलं, तिथे असंच थेट इंटिग्रल लिहिलं आणि पूर्ण मार्क मिळाले." मिळणारच. तिथे लॉग घेतल्यावर (1/n)·Σ ln(1 + k/n) उरतं, आणि ln(1 + x) हा 0 ते 1 वर सलग आहे, 0 पासून ln 2 पर्यंतच फिरतो. शिकलेला नियम जसाच्या तसा लागतो, इंटिग्रल 2 ln 2 − 1, उत्तर 4/e. तीच सवय n! वर आणली की रेघ येते, कारण आतलं ln(1 + x) जाऊन ln x आलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अशा गणितात Σ लिहून झाली की इंटिग्रलचं चिन्ह काढण्याआधी आतल्या फंक्शनमध्ये x = 0 आणि x = 1 टाकून बघा. दोन्हीकडे साधी संख्या आली तर पुढे चला. एखाद्या टोकाला ते फुटलं, जसं ln(1 − x) हा x = 1 ला फुटतो, तर चढतं की उतरतं ते लिहा आणि आयत शेजारच्या पट्टीशी ताडून बघा. ln(1 − x) च्या बाबतीत मात्र उजवी टोकं घेतलीत तर k = n ला ln 0 येईल. तिथे डावी टोकं घ्या, k = 0 ते n−1, आणि बेरीज आरशात पाहिल्यासारखी हीच निघेल.